या चुका टाळा: नामांकित ब्रँडच्या शेजारी आपलं नवं पाकीट ठेवताना

चकलीची भाजणी विकायला काढणारे बहुतेक जण पाकिटावर 'घरगुती चव, शुद्ध आणि पारंपरिक' असं छापतात. पहिली चूक इथेच होते. पाकिटावरचं आपलं नाव झाका आणि तिथे एखाद्या जुन्या ब्रँडचं नाव ठेवून वाचा. ओळ तेवढीच खरी वाटली, तर ते वचन तुमचं नाही. मग गिऱ्हाईक ओळखीचंच पाकीट उचलणार.

दुसरी चूक म्हणजे 'तुम्हाला कशी भाजणी आवडेल?' असं विचारणं. चांगली आणि स्वस्त, यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा मागच्या दिवाळीत काय झालं ते विचारा. सोऱ्यातून पडतानाच चकली तुटत होती? तेलात विरघळली? चार दिवसांत मऊ पडली? आणि मग तुम्ही काय केलंत? पहिला घाणा वाया गेला, पीठ पुन्हा मळलं, आईला फोन लावला, असं काही ऐकू आलं की कान टवकारा. माणूस ज्यासाठी स्वतःहून खटपट करतो, तीच त्याची खरी अडचण.

उजालाचं यश असंच आहे. एम. पी. रामचंद्रन यांनी 1983 साली केरळमध्ये त्रिशूरजवळ ही पातळ नीळ बनवायला सुरुवात केली, तेव्हा बाजार पावडरच्या निळीचा होता. पावडर पाण्यात नीट विरघळत नसे आणि पांढऱ्या कपड्यांवर निळे डाग पडत. म्हणून बायका ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात फिरवायच्या. ती पुरचुंडी हीच खूण होती. उजालाने 'चार थेंब' एवढंच सांगितलं, आणि कोणालाही ते घरच्या बादलीत पडताळून पाहता आलं.

निराळं पण बिनकामाचं वचनही टाळा. 'जात्यावर दळलेली' हे वेगळं खरं, पण त्यावाचून कोणाचं अडलेलं नसतं.

भाजणीसाठी 'चकली तुटणार नाही' हे वचन मला सर्वांत भक्कम वाटतं, पण ते पाळायला तयारी लागते. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, पाणी कमी पडलं की तुटते. म्हणून एक वाटी भाजणीला किती पाणी, किती मोहन, हे पाकिटावर समोरच छापा. दळण जाड-बारीक झालं की पाण्याचं प्रमाण बदलतं, तेव्हा प्रत्येक दळणातून एक घाणा तळून बघा आणि मगच पाकिटं भरा. चवीची, पौष्टिकतेची ओळ त्याच अक्षरात शेजारी घालू नका, ती मागच्या बाजूला जाऊ द्या.

वचन पोचलं की नाही, हे दुसऱ्यांदा मागणी येते तेव्हा कळतं. नवं गिऱ्हाईक 'ती न तुटणारी भाजणी द्या' म्हणालं, तर पोचलं. 'ते पिवळं पाकीट' म्हणालं, तर अजून नाही.