ग्लँडमधून थेंब पडू द्या, पाणी आत कुठे पळतंय ते शोधा

पलूस, वाळवा, कराड भागात कृष्णेचं पाणी उसाला उचलणाऱ्या अनेक योजनांवर आडवा स्प्लिट केसिंग पंप बसवलेला असतो. त्याला दोन बाजूंना दोन ग्लँड असतात. त्यातून पाणी ठिबकताना दिसलं की पहिला हात पान्याकडे जातो. तो आधी आवरायला हवा.

या पंपाचे दोन्ही स्टफिंग बॉक्स सक्शनच्या बाजूला येतात. पंप नदीच्या पातळीपेक्षा वर असेल तर तिथे दाब नसतो, उलट ओढ असते. ग्लँड मोकळा सोडला तर पाणी बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाईल. म्हणून केसिंगच्या दाबाच्या बाजूने एक बारीक नळी काढून पॅकिंगच्या मधोमध असलेल्या लँटर्न रिंगपर्यंत पाणी आणलेलं असतं. ठिबकतं ते हेच पाणी. ते हवा अडवतं, शिवाय स्लीव्ह आणि पॅकिंग यांच्यातलं घर्षण थंड ठेवतं. म्हणजे कोरडाठक्क ग्लँड दोन्ही अंगांनी वाईट: स्लीव्ह जळते आणि पंप हवा घेतो.

ग्लँड कसा लावायचा

चालू पंपावर एका ग्लँडमधून मिनिटाला साधारण 40 ते 60 थेंब पडले की ठीक समजावं. ग्लँडला हात लावला तर कोमट लागावा, हात मागे घ्यावा लागू नये. नवीन पॅकिंग पहिल्या काही तासांत जास्त गळतं, ते गळू द्यावं.

कमी करायचं तर दोन्ही नट आळीपाळीने, प्रत्येक वेळी षट्कोनी नटाची एकच बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा आवळावा. मग 10 ते 15 मिनिटं थांबून थेंब पुन्हा मोजावेत. एकच नट आवळला तर ग्लँड तिरका बसतो आणि एका बाजूने स्लीव्ह खातो. शर्टाची बाही आणि गळ्यातला टॉवेल फिरत्या शाफ्टपासून लांब असू द्या. थेंब एकदम थांबले आणि ग्लँड तापला, तर पंप बंद करून तो आपोआप निवू द्यावा, नट ढिले करावेत आणि पुन्हा सुरू करावा. तापलेल्या स्लीव्हवर बादलीने पाणी ओतू नये, तडा जाऊ शकतो.

पॅकिंग बदलायचं असेल तर स्टार्टर बंद करून फ्यूज काढून ठेवा. जुनी दोरी हुकने शेवटच्या कड्यापर्यंत काढा. लँटर्न रिंगच्या पलीकडची कडी आत तशीच ठेवून वर नवीन भरणं ही नेहमीची चूक आहे. दोरीची जाडी मोजून घ्या: स्टफिंग बॉक्सच्या आतल्या व्यासातून स्लीव्हचा व्यास वजा करा आणि निम्मं करा. बॉक्स 84 मिमी आणि स्लीव्ह 60 मिमी असेल तर 12 मिमीची दोरी लागेल. स्लीव्हच्याच व्यासाच्या पाइपवर दोरी गुंडाळून कडी कापा, एकेक करून आत बसवा आणि प्रत्येक कड्याचा सांधा आधीच्या सांध्यापासून पाव वर्तुळ फिरवून ठेवा. लँटर्न रिंग नळीच्या भोकासमोर आली पाहिजे. ती मागे राहिली तर नळीतलं पाणी पोहोचत नाही. शेवटी नट फक्त हाताने आवळून पंप सुरू करा.

स्लीव्हवरून नख फिरवून पाहिल्याशिवाय दोरी भरू नका. नख खाचेत अडकलं तर स्लीव्ह बदलणं स्वस्त पडतं, कारण खाचेवर नवं पॅकिंग टिकत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरासारखं पाणी पंपावरून गेलं असेल, तर वरून धुऊन भागत नाही. दोरीत रुतलेला गाळ स्लीव्ह घासत राहतो, सगळी दोरी बदलावीच लागते.

गळतं ते कधी धोक्याचं

आवळूनही धार थांबत नसेल तर पाणी कुठून येतंय ते बघा. स्लीव्ह आणि शाफ्ट यांच्या मधून आलं तर नट कितीही आवळा, फरक पडणार नाही. तिथला ओ-रिंग किंवा गॅस्केट गेलेला असतो. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यासोबत धार कमी-जास्त होत असेल, तर शाफ्ट वाकला आहे किंवा बेअरिंग ढिलं झालंय. ग्लँड स्टफिंग बॉक्सला टेकला आणि पुढे सरकायला जागाच उरली नसेल तर पॅकिंग संपलं. थेंब पडत नाहीत आणि प्रेशर गेजचा काटा थरथरतो, तर पंप हवा घेतोय: सील पाण्याची नळी गाळाने तुंबली का, ते आधी पाहा.

न दिसणारी गळती

खरा तोटा मात्र इथे नसतो. मिनिटाला 60 थेंब म्हणजे दिवसाला साधारण 4 लिटर पाणी. इम्पेलर आणि केसिंग यांच्यामधल्या वेअर रिंगच्या फटीतून जे पाणी दाबाकडून परत सक्शनकडे जातं, ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्याला उचलायला लागलेली वीज आपण भरलेली असते.

एक उदाहरण घेऊ. पंप 40 मीटर हेडवर सेकंदाला 60 लिटर देतो, वेअर रिंगचा व्यास 150 मिमी आहे आणि व्यासावर एकूण 0.4 मिमी फट आहे. फटीच्या दोन टोकांमध्ये साधारण 30 मीटर हेडचा फरक धरला, तर एका रिंगमधून सेकंदाला सुमारे 1.1 लिटर पाणी परत जातं. दोन रिंगा मिळून 2.3 लिटर. नव्या पंपातही इतकं जाणारच. वाळूमुळे फट 0.8 मिमी झाली की हेच साडेचार लिटरच्या वर जातं. आठ तासांच्या पाळीत सुमारे 65 हजार लिटर जादा पाणी केसिंगमध्येच फिरत राहतं.

ओळखायचं कसं? वरच्या डिलिव्हरी कुंडीत ठरावीक उंचीपर्यंत पाणी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. कुंडी उशिरा भरते, पण अँपिअर जवळपास तेवढेच असतात, गेज स्थिर असतो: संशय वेअर रिंगवर. अँपिअरही पडले आणि काटा थरथरतो: हवा किंवा फूट व्हॉल्व्हमधला कचरा तपासा. उगाच पंप उघडू नका.

उघडायचाच ठरला तर वरचं केसिंग काढून रोटर उचला. इम्पेलरच्या रिंगचा बाहेरचा व्यास आणि केसिंग रिंगचा आतला व्यास मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजा. दोन्हींमधला फरक हीच फट. खालच्या अर्ध्या केसिंगमध्ये शाफ्ट ठेवून फीलर गेज घातला तर एकाच बाजूचं माप मिळतं. ते व्यासावरचं समजून बरेच जण फट निम्मीच धरतात. फट मूळच्या दुप्पट झाली की रिंग बदलायची, असा साधारण नियम आहे.

लेथवाला फट आणखी कमी ठेवू म्हणाला तर ऐकू नका. 150 मिमीच्या रिंगला 0.2 मिमी ठेवली, तर थोडासा वाकणारा शाफ्ट आणि पाण्यातली वाळू मिळून रिंगा एकमेकींना घासतात, चिकटूही शकतात. इम्पेलरची बाजू झिजून लंबगोल झाली असेल तर ती आधी गोल करून घ्या आणि केसिंग रिंग त्या मापाची, कमी बोअरची बनवून घ्या. बसवल्यावर केसिंगचे बोल्ट आवळत असताना शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवून बघा, कुठे अडला तर तिथेच थांबा. पंप चालू झाल्यावर नवे अँपिअर आणि कुंडी भरायचा वेळ स्टार्टरच्या पेटीच्या दारावर तारखेसह लिहून ठेवा.