ऑनलाइन तासाची पहिली तीन मिनिटं: मुलांचं स्वागत करताना या चुका टाळा

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या घरून मी रोज संध्याकाळी सात वाजता नववीच्या मुलांना गणित शिकवते. चोवीस मुलं आहेत. निम्मी नागपुरातली, बाकीची काटोल, उमरेड, कामठीकडची. पहिल्या वर्षी माझा तास रोज एकाच वाक्याने सुरू व्हायचा: "गुड इव्हिनिंग, आवाज येतोय का सगळ्यांना? स्क्रीन दिसतेय का?" पलीकडे शांतता. मग माझा आवाज चढायचा: "अरे, कोणीतरी बोला ना!" गणित सुरू व्हायच्या आधीच मुलांनी एक चाचणी आणि एक ओरडा ऐकलेला असायचा. पुढची चाळीस मिनिटं ती गप्प का बसतात, याचं उत्तर मला त्या पहिल्या तीन मिनिटांत सापडलं.

सगळ्यांना एकदम नमस्कार

वर्गात आपण दारातून आत गेलो की "नमस्ते मॅडम" एका सुरात येतं. चोवीस आवाज मिसळून एक होतात आणि लाजरं मूलही त्या सुरात लपून बोलून घेतं. ऑनलाइन तासात हा सूर तयारच होत नाही. प्रत्येकाचा आवाज आपापल्या नेटवर्कवरून कमी-जास्त उशिराने पोचतो. अ‍ॅप एका वेळी एक-दोन आवाजच पुढे आणतं, बाकीचे दाबले जातात. त्यात बहुतेकांचे माइक आपणच सेटिंग लावून बंद ठेवलेले असतात. ज्या एका मुलाने धीर करून माइक उघडला आणि "नमस्ते" म्हटलं, त्याला स्वतःचा आवाज एकटाच ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी तो बोलत नाही. आपण समजतो, मुलांना शिस्त राहिली नाही.

उपाय साधा आहे. एकसुरी नमस्कार सोडायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने नमस्कार करायचा. मी झूमची वेटिंग रूम चालू ठेवते, सहा पन्नासला बसते आणि मुलांना एकेक करून आत घेते. नाव, नमस्कार आणि त्याच्यापुरतं एखादं वाक्य: "काल तू विचारलेलं उदाहरण आज घेणार आहे हं." एकाला पाच सेकंद धरले तरी चोवीस जणांची दोन मिनिटं होतात. तीही सात वाजायच्या आधीच्या दहा मिनिटांत पसरलेली असतात, म्हणून शिकवण्याचा वेळ जात नाही. झूमचं मोफत खातं असेल तर मात्र सांभाळा. त्यात मीटिंगची 40 मिनिटं ती सुरू केल्यापासून मोजली जातात, त्यामुळे तीन-चार मिनिटांपेक्षा आधी उघडू नका. वर्गात साठ मुलं असतील तर सगळ्यांना रोज नावाने भेटता येणार नाही. हजेरीच्या क्रमाने रोज पंधरा जण घ्या, चार दिवसांत फेरी पूर्ण होते. आज आपली पाळी आहे हे मुलांना कळतं आणि ती त्या दिवशी वेळेवर येतात.

"आवाज येतोय का?" हा प्रश्नही यात आपोआप सुटतो. पहिल्या मुलीने नमस्काराला उत्तर दिलं की तुमचा आवाज जातो आहे आणि तिचा येतो आहे, दोन्ही कळलं. स्वतःचा माइक आणि स्पीकर त्याआधी तपासायचा असेल तर zoom.us/test वर एकट्याने जाता येतं.

उत्तर आलं नाही की रागावणं

हे सगळं केल्यावरही कधी उत्तर येत नाही. तेव्हा रागावायच्या आधी सहभागींच्या यादीत त्या मुलाच्या नावापुढचं चिन्ह बघा. माइकवर लाल रेघ असेल तर माइक बंद आहे, बस. माइक उघडा आहे, बोलताना चिन्ह हलतंय, पण तुम्हाला ऐकू येत नाही, तर बिघाड तुमच्या स्पीकरमध्ये किंवा हेडफोनमध्ये आहे. आणि नावापुढे माइकचं चिन्हच नसेल तर मुलाचा ऑडिओ जोडलेलाच नाही. तो तुमचं काहीच ऐकत नाहीये. फोनवरून येणाऱ्या मुलांत हे फार होतं. आत आल्यावर Join Audio दाबायचं राहून जातं आणि मूल आपले हलते ओठ बघत बसतं. अशा मुलाला तोंडाने हाक मारून उपयोग नाही. चॅटमध्ये लिहा: "खाली डावीकडे हेडफोनसारखं चिन्ह दिसतंय का? ते दाब." बटणाची जागा फोनप्रमाणे थोडी बदलते, म्हणून "दिसतंय का" असं विचारूनच सांगा.

नागपुरात आणखी एक कारण आहे ते कूलर. एप्रिलपासून घराघरात कूलर धडधडत असतो. आवाज स्वच्छ करणारी अ‍ॅपची सोय तो आवाज कापायला जाते आणि हळू बोलणाऱ्या मुलीचा "नमस्कार"ही त्याबरोबर गिळते. आपल्याला फक्त खरखर ऐकू येते. इअरफोनचा माइक तोंडाजवळ धरायला सांगितलं की बराच फरक पडतो. माइक उघडताक्षणी बोललं तर पहिलं अक्षरही कापलं जातं. म्हणून मी मुलांना "नमस्कार" ऐवजी "मॅडम, नमस्कार" म्हणायला सांगितलं आहे. कापला गेला तर "मॅडम"चा "मॅ" जातो, नमस्कार शाबूत पोचतो.

आणि थांबा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, याचा अभ्यास अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात केला होता. बहुतेक शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली आणि "माहीत नाही" म्हणणं कमी झालं. ते समोरासमोरच्या वर्गातलं निरीक्षण होतं. ऑनलाइन तासात मुलाला माइकचं बटण शोधायचं असतं, वर नेटवर्कचा उशीर. मी मनात सहा अंक मोजते. सुरुवातीला ते सहा अंक फार लांब वाटतात.

पडद्यावरचं नाव मुलाचं समजणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक. पडद्यावर एक नाव होतं: Redmi Note 8. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "हे रेडमी कोण आहे?" दोन-तीन मुलं हसली. रेडमीने कॅमेरा उघडला नाही, माइकही नाही. दोन आठवडे मी तसाच नमस्कार करत राहिले: "हं, रेडमी पण आले." मला ते खेळीमेळीचं वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात चॅटमध्ये एक ओळ आली, फक्त मला: "मॅडम मी काटोलची आहे. फोन दादाचा आहे." मी तिचं नाव विचारलं, तिने लिहिलं. झूममध्ये सहभागींच्या यादीत तिच्यापुढच्या More मधून Rename दाबून मी ते देवनागरीत टाइप केलं. त्या दिवशी तिला वर्गासमोर काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी वेटिंग रूममध्ये पुन्हा Redmi Note 8 आलं, कारण बदललेलं नाव त्या एका मीटिंगपुरतंच राहिलं होतं. पण आता ते कोण आहे हे मला माहीत होतं. आत घेताना मी तिच्या नावाने नमस्कार केला. काही क्षणांनी लाल रेघ गेली आणि आवाज आला: "मॅडम, नमस्कार." चौथ्या दिवशी तिने स्वतःहून विचारलं, बहुपदीची कोटी म्हणजे सगळ्यात मोठा घातांकच ना?

तेव्हापासून मी वहीत एक पान ठेवते. डावीकडे पडद्यावर येणारं नाव: Papa, vivo 1906, कोणाच्या तरी आईचं नाव. उजवीकडे मुलाचं नाव आणि ते कसं उच्चारायचं ते. गूगल मीट वापरणाऱ्यांना या पानाची गरज जास्तच आहे. तिथे खात्याचंच नाव दिसतं आणि शिक्षकाला ते मीटिंगमध्ये बदलता येत नाही. नाव विचारायचं ते नेहमी एकट्याला, झूमवर असाल तर खाजगी चॅटमध्ये. फोन कोणाचा, वडील घरी असतात का, असले प्रश्न नावाला जोडू नका. चोवीस जणांसमोर तर नाहीच.

मुलाचा नमस्कार दुरुस्त करणं

कामठीचा एक मुलगा "जय भीम, मॅडम" म्हणून आत येतो. एक मुलगी "सलाम मॅम" म्हणते. उमरेडकडचा एक जण "राम राम". मी पहिल्यांदा सगळ्यांना "गुड इव्हिनिंग"च परत म्हणायची, एकसारखं बरं म्हणून. पण मूल आपल्या घरातला नमस्कार घेऊन येतं आणि आपण त्याला दुसरा परत करतो, तेव्हा त्याचा नमस्कार दारातच अडवल्यासारखा होतो. आता जो ज्या शब्दांनी येतो त्याला तेच शब्द परत मिळतात, आणि सात वाजता सगळ्यांसाठी एक "नमस्कार".

बोलीचंही तसंच. "मॅडम, आवाज नाही येऊन राहिला" असं कोणी म्हटलं की "येत नाहीये म्हण" असं सांगायचा मोह होतो. त्या मिनिटाला तो पूर्ण सोडा. त्याने बोलायला माइक उघडला आहे. प्रमाण मराठी भाषेच्या तासाला शिकता येईल.

"कसे आहात सगळे?"

याला "बरे आहोत" याशिवाय उत्तर नाही, आणि तेही कोणी देत नाही. "आज काय जेवलात?" हा त्याहून वाईट, कारण प्रत्येक घरात सांगण्यासारखं असतंच असं नाही. "कॅमेरे चालू करा" हेही स्वागतात नको. एका खोलीत पाच जण राहत असतील तर मुलाला मागचं घर दाखवायचं नसतं. विचारायचंच असेल तर एका शब्दात उत्तर देता येईल आणि ज्यात कोणाचं घर उघडं पडणार नाही, असं काही विचारा.

एप्रिलमध्ये मी विचारलं: "आज तुमच्याकडे दुपारी किती तापमान होतं? चॅटमध्ये आकडा लिहा, पण मी 'पाठवा' म्हटल्यावरच पाठवा." सगळे एकदम पाठवतात, म्हणून पहिल्याचं बघून दुसरा लिहीत नाही आणि हळू लिहिणारा मागे पडत नाही. 41, 42, 40, 42, कोणाचं 43. बोलायला घाबरणारी मुलंही त्यात होती. ते आकडे मी तसेच फळ्यावर उतरवले आणि त्यांचंच मध्य, मध्यक, बहुलक काढत सांख्यिकीचा धडा सुरू केला. स्वागत संपून गणित कुठे सुरू झालं ते मला सांगावं लागलं नाही.

उशिरा येणारा

सात वाजून आठ मिनिटांनी कोणी आलं की बोलणं थांबवून "कुठे होतास?" विचारू नका. वीज गेली असेल, फोन उशिरा मिळाला असेल. त्याला आत घ्या आणि शिकवणं चालू ठेवा. चॅटमध्ये त्याच्या एकट्याच्या नावावर दोन ओळी पुरतात: "आलास, बरं झालं. पान 94, दुसरं उदाहरण चालू आहे."