पुलाच्या डिझाइन अहवालाचं तपासणी पत्र: गंभीर चूक वेगळी, सूचना वेगळी

पुलाचं डिझाइन एक सल्लागार करतो आणि ते दुसऱ्या अभियंत्याकडे किंवा संस्थेकडे तपासायला जातं. तपासणारा आपले शेरे पत्रातून कळवतो. हे पत्र बहुतेक वेळा कार्यकारी अभियंत्यांच्या नावे निघतं, पण त्यावर काम डिझाइन करणाऱ्यालाच करायचं असतं. नागपुरात मी पाहिलेल्या एका पत्रात पहिला शेरा मुखपृष्ठावरच्या तारखेबद्दल होता, पुढचे काही शुद्धलेखनाचे, आणि पायाची खोली कमी पडत असल्याचा शेरा पार शेवटच्या पानावर. सगळ्यांना एकच अनुक्रम दिलेला. उत्तरात प्रत्येक शेऱ्यासमोर ‘नोंद घेतली’ असं लिहून आलं आणि नकाशातली पायाची पातळी होती तीच राहिली. म्हणून या लेखात शेऱ्यांची वर्गवारी कशी ठरवायची आणि गंभीर शेरा कसा लिहायचा, एवढंच सांगतो.

आधी व्याप्ती लिहा

पत्राच्या पहिल्या परिच्छेदात अहवालाचं नाव, आवृत्ती क्रमांक, तारीख आणि तपासलेल्या नकाशांचे क्रमांक द्या. काय तपासलं नाही तेही तिथेच लिहा. उदाहरणार्थ, ‘जलशास्त्रीय गणितातला पूर विसर्ग आहे तसा धरला आहे, त्याची स्वतंत्र पडताळणी केलेली नाही.’ हे वाक्य नसेल, तर पुढे सगळे असंच समजतात की विसर्गसुद्धा तुम्ही तपासला होता. कंत्राटाला इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या, कोणत्या संहितेची कोणती आवृत्ती लागू आहे, तेही इथेच नोंदवा. नाहीतर अर्धा वाद आवृत्त्यांवरच होतो.

वर्ग ठरवताना दोन प्रश्न विचारा

मी तीन वर्ग करतो आणि तिन्हींना वेगळे अनुक्रम देतो: अ-१, अ-२, ब-१, ब-२, क-१, क-२.

प्रत्येक शेऱ्यासाठी पहिला प्रश्न असा: डिझाइन करणाऱ्याने याकडे दुर्लक्ष केलं, तर पुलाचा एखादा भाग संहितेत मागितलेल्या सुरक्षिततेपेक्षा किंवा टिकाऊपणापेक्षा कमी पडेल का? उत्तर ‘हो’ असेल आणि तुम्ही ते आकड्यांनी दाखवू शकत असाल, तर शेरा ‘अ’ मध्ये जातो. याची पूर्तता झाल्याशिवाय मान्यता नाही. दुसरा प्रश्न: उत्तर ‘कदाचित’ असेल, तर ठरवायला कोणती माहिती कमी आहे? ती माहिती मागणारा शेरा ‘ब’. दोन्हीत न बसणारं सगळं ‘क’, म्हणजे सूचना. ती स्वीकारायची की नाही, हे डिझाइन करणाऱ्याने ठरवावं.

‘ब’ वर्ग टाळू नका. तो नसला की शंका असलेले शेरे एकतर ‘अ’ मध्ये जाऊन विनाकारण काम अडवतात, किंवा ‘क’ मध्ये जाऊन विसरले जातात. नाग नदीवरच्या पुलाचा अहवाल आला आणि त्यातली उच्चतम पूर पातळी सप्टेंबर २०२३ च्या आधीच्या नोंदींवरून घेतलेली दिसली, तर तो ‘ब’ चा शेरा. त्या महिन्यात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पातळी चुकीची आहे असं तुम्ही सिद्ध केलेलं नाही, पण त्या पुराच्या खुणा विचारात घेतल्या का, हे विचारणं तुमचं काम आहे.

एक गंभीर शेरा, सुरुवातीपासून

उदाहरणासाठी कामठीच्या बाजूला वाळूचं पात्र असलेल्या नदीवरचा तीन गाळ्यांचा पूल धरू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. पूर विसर्ग सेकंदाला ४८० घनमीटर, प्रभावी जलमार्ग ६० मीटर, वाळूचा सिल्ट फॅक्टर १.५, उच्चतम पूर पातळी ३००.०० मीटर. पिअर म्हणजे मधले खांब; त्यांचा पाया उथळ, म्हणजे ओपन फाउंडेशन, आणि त्याची तळपातळी २८८.६० मीटर.

पुरात पिअरभोवतीची वाळू वाहून जाते आणि खड्डा पडतो. याला साइटवर सगळे स्कावर म्हणतात. आयआरसी ७८ या पुलाच्या पायांच्या संहितेत सरासरी स्कावर खोलीचं सूत्र असं आहे:

```
dsm = 1.34 × (Db² / Ksf)^(1/3)
```

इथे Db म्हणजे जलमार्गाच्या दर मीटर रुंदीमागचा विसर्ग आणि Ksf म्हणजे सिल्ट फॅक्टर, जो पात्रातल्या वाळूच्या कणांच्या आकारावरून ठरतो. पिअरजवळची कमाल खोली याच्या दुप्पट धरतात आणि ती पूर पातळीपासून खाली मोजतात.

अहवालात Db = ४८० ÷ ६० = ८ घेतलं आहे. त्यावरून dsm ४.६८ मीटर आणि दुप्पट ९.३६ मीटर येते. स्कावर पातळी २९०.६४. पाया तिच्याखाली २.०४ मीटर आहे. मातीतल्या उथळ पायासाठी स्कावरखाली किमान २ मीटर लागतात, म्हणजे कागदावर सगळं बसतं.

चूक सूत्राच्या आधीच झाली आहे. पायाच्या डिझाइनसाठी पूर विसर्ग वाढवून घ्यावा लागतो. आयआरसी ७८ च्या २०१४ च्या आवृत्तीत ३००० चौरस किलोमीटरपर्यंतच्या पाणलोट क्षेत्रासाठी ही वाढ ३० टक्के आहे. अहवालात जलमार्गासाठीचा विसर्गच पायालाही वापरला. वाढ धरली की Db १०.४ होतं, dsm ५.५८ मीटर आणि दुप्पट सुमारे ११.१५ मीटर. स्कावर पातळी २८८.८५. आता पाया तिच्याखाली जेमतेम पाव मीटर उरतो.

बेरीज-गुणाकार तपासून ही चूक सापडत नाही, कारण अहवालातला प्रत्येक गुणाकार बरोबर आहे. त्यामुळे तपासताना आधी सूत्रात कोणता आकडा आत गेला आणि तो कुठून आला हे पाहायचं. जलशास्त्राच्या प्रकरणातला विसर्ग आणि पायाच्या प्रकरणातला विसर्ग शेजारी ठेवा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील, तर तिथेच थांबून कारण शोधा.

आता हा शेरा पत्रात असा येईल:

> अ-१. पिअर पी-१ व पी-२, पायाची खोली. स्कावर गणितात पूर विसर्ग ४८० घनमीटर प्रति सेकंद घेतला आहे. आयआरसी ७८ : २०१४, कलम ७०३ नुसार पायासाठी त्यात ३० टक्के वाढ आवश्यक आहे (अहवालात पाणलोट क्षेत्र ३००० चौ. कि.मी. पेक्षा कमी दिले आहे). वाढीसह कमाल स्कावर पातळी आमच्या गणिताने २८८.८५ येते. प्रस्तावित तळपातळी २८८.६० असल्याने स्कावरखाली केवळ ०.२५ मीटर खोली मिळते; कलम ७०५ नुसार २.०० मीटर आवश्यक. सुधारित स्कावर गणित, त्यानुसार ठरवलेली पायाची पातळी आणि सुधारित नकाशा सादर करावा. पी-१ व पी-२ च्या जागी बोअर घेतल्याचे अहवालात दिसत नाही. पाया खडकावर नेण्याचा विचार असल्यास त्या जागेचे बोअर लॉग जोडावेत.

यात जागा, निरीक्षण, आधार, परिणाम आणि अपेक्षित पूर्तता असं सगळं आलं. ‘स्कावर गणित पुन्हा तपासावे’ एवढंच लिहिलं असतं, तर ‘तपासले, योग्य आहे’ असं उत्तर आलं असतं. तुमचा आकडा पत्रात असला की समोरच्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

शेऱ्यात ‘पाया २८६.८५ वर न्यावा’ असं मी मुद्दाम लिहिलेलं नाही. पाया खोल न्यायचा, खडकावर टेकवायचा, पाइल घ्यायचे की जलमार्ग वाढवायचा, हा निर्णय डिझाइन करणाऱ्याचा आहे आणि जबाबदारीही त्याचीच. शिवाय नागपूरच्या आसपास खडकाचा अंदाज दुरून बांधू नये. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेकडे नाइस, कामठीकडे वालुकाश्म. दोन्ही काठांवरचे बोअर लॉग पाहून मधल्या पिअरखाली काय आहे, हे खात्रीने सांगता येत नाही.

किरकोळ दिसणारं आधी पडताळा

गर्डरच्या प्रकरणात प्रभावी गाळा १९.४ मीटर लिहिला आहे आणि नकाशात २०.४ आहे. टायपिंगची चूक समजून हे ‘क’ मध्ये टाकायचा मोह होतो. पण आधी संगणकाच्या मॉडेलमध्ये कोणती लांबी गेली ते बघा. मॉडेलचा इनपुट जोडलेला असेल, तर पाच मिनिटांत कळतं. मॉडेलमध्ये २०.४ असेल, तर शेरा ‘क’: मजकूर दुरुस्त करावा. मॉडेलमध्ये १९.४ असेल, तर मृतभारामुळे येणारा मोमेंट सुमारे साडेनऊ टक्के कमी धरला गेला आहे, कारण तो लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मग तो सरळ ‘अ’. इनपुट जोडलेलाच नसेल, तर ‘ब’, आणि इनपुट मागवा.

उलटही होतं. प्रस्तावनेत आयआरसी २१ चा उल्लेख दिसला की तपासणारे दचकतात, कारण काँक्रीट पुलांसाठी २०११ मध्ये आयआरसी ११२ आली आणि पद्धतच बदलली. पण आतली सगळी गणितं ११२ प्रमाणे असतील, तर तो उल्लेख जुन्या अहवालातून उचललेला आहे आणि शेरा ‘क’ एवढाच.

‘क’ वर्गात मी मोजक्याच सूचना ठेवतो आणि त्यांची भाषाही वेगळी ठेवतो. ‘अ’ मध्ये ‘सादर करावे’, ‘क’ मध्ये ‘विचार करता येईल’. उदाहरणार्थ: ‘पिअर कॅपमध्ये एकाच थरात १२ आणि १६ मिलिमीटरच्या सळ्या आहेत. एकच व्यास घेतल्यास साइटवर अदलाबदल टळेल. विचार करता येईल.’ तुमची आवड म्हणून वेगळी रचना सुचवायची असेल, तर ती इथेही लिहू नका. संहितेत बसणारं डिझाइन तुमच्या पद्धतीचं नसेल, तरी ते बरोबर असू शकतं.

पत्राच्या डोक्यावर निष्कर्ष द्या

कार्यकारी अभियंता सगळं गणित वाचणार नाहीत. व्याप्तीनंतर लगेच तीन वाक्यं पुरेत: ‘अहवालात मान्यतेपूर्वी दुरुस्त करणे आवश्यक अशा दोन बाबी आहेत (अ-१, अ-२). त्यांची पूर्तता होईपर्यंत पाया व पिअरच्या नकाशांना मान्यता देऊ नये. डेक स्लॅबच्या नकाशांवर या बाबींचा परिणाम नाही.’ शेवटचा भाग विसरू नका. काय अडकलं आहे आणि काय पुढे जाऊ शकतं हे सांगितलं नाही, तर एकतर सगळंच थांबतं किंवा सगळंच सुटतं.

उत्तर आल्यावर

‘नोंद घेतली’, ‘मान्य’ किंवा ‘पुढील आवृत्तीत दुरुस्त करू’ एवढ्यावर ‘अ’ चा शेरा बंद करू नका. सुधारित नकाशा हातात आला, त्यावर नवी आवृत्ती आणि नवी पातळी दिसली, तरच बंद. मूळ अनुक्रम तोच ठेवा: पुढच्या पत्रात अ-१ हा अ-१ च राहील, नवे शेरे त्यापुढच्या क्रमांकाने येतील.

दुरुस्तीचे परिणामही तपासायचे असतात. आपल्या उदाहरणात पाया २८६.८५ वर नेला, तर तो १.७५ मीटर खाली जातो आणि पिअर तेवढाच उंच होतो. आयआरसीच्या प्रमाणित भारांपैकी ७०-आर चाकांच्या वाहनाचं वजन १०० टन, त्याचं ब्रेकिंग बळ २० टक्क्यांनी २० टन. ते सगळं या एकाच पिअरवर आलं असं धरलं, तर पायाच्या तळाशी मोमेंट ३५ टन-मीटरने वाढतो, आणि पुराच्या पाण्याच्या दाबाचाही वाढतो. तेव्हा फक्त पातळीचा आकडा बदलून बाकीचं गणित जसंच्या तसं परत आलं असेल, तर अ-१ उघडाच ठेवा आणि पायाखालचा दाब व पिअरच्या तळाचं पोलाद नव्या उंचीने तपासून मागवा.