लो-फ्लोअर बस आली तरी व्हीलचेअर का चढत नाही? स्टॉप तपासताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत शहर वाहतूक एसटीच चालवते आणि त्या नेहमीच्या उंच बसच्या पायऱ्या चढताना धडधाकट म्हाताऱ्या माणसाचेपण गुडघे बोलतात, त्यामुळे लो-फ्लोअर बसची मागणी होते ते बरोबरच आहे. पण आम्ही काही जण टेप घेऊन सांगली-मिरज रोडवरचे स्टॉप बघत फिरलो तेव्हा एक गोष्ट पक्की कळली, नुसती बस बदलून काम होत नाही, निम्मं काम स्टॉपवर असतं. आणि तपासणी करणारे (आणि बांधणारेही) नेमकं तिथंच चुकतात.

पहिली चूक: बस वेगळी आणि फुटपाथ वेगळा मोजणं

पूर्ण लो-फ्लोअर बसचा फ्लोअर रस्त्यापासून साधारण ४० सेंटिमीटर उंच असतो. दारात, बहुतेक मधल्या दारात, एक घडीचा रॅम्प असतो, तो साधारण मीटरभर लांब धरा. आता स्टॉपचा फुटपाथ रस्त्यापासून १५ सेंमी उंच आहे आणि बस अगदी कडेला लागली, तर चढायची उंची उरली २५ सेंमी, म्हणजे उतार झाला एकास चार. चढ आहेच, मागून धरायला माणूस लागतो, पण जमतं. बसला नीलिंग असेल, म्हणजे दाराची बाजू खाली झुकवायची सोय, तर अजून सहा-सात सेंमी कमी होतात आणि उतार एकास साडेपाचपर्यंत येतो.

आणि तीच बस फुटपाथ सोडून रस्त्याच्या मधे थांबली, तर रॅम्प थेट डांबरावर पडतो. मग ४० सेंमी चढायला तोच मीटरभर रॅम्प, म्हणजे एकास अडीच! यावर व्हीलचेअर ढकलणं म्हणजे बसलेल्या माणसाला मागं पाडायची रिस्क घेणं आहे. बस तीच, रॅम्प तोच, ड्रायव्हर फक्त कडेला लागला नाही. का लागला नाही ते बघा, नव्वद टक्के दोष त्याला देऊन मोकळं व्हायची सवय आहे आपल्याला, पण स्टॉपसमोर रिक्षा, टू-व्हीलर, वडापावचा गाडा उभा असेल तर तो बिचारा बस घालणार कुठं.

अजून एक गोष्ट कुणी लिहीतच नाही. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, जुना खरवडून काढत नाहीत, रस्ता वर येतो आणि फुटपाथ आहे तिथंच राहतो. पाच सेंमीचा थर पडला की १५ चा फुटपाथ १० चा झाला, बस मात्र रस्त्याबरोबर वर गेली. आता फरक ३० सेंमी, उतार एकास साडेतीनच्याही खाली. म्हणून फुटपाथची उंची एकदा मोजून विषय संपत नाही, रस्ता झाला की परत मोजायची.

दुसरी चूक: रॅम्प "आहे" म्हणून टिक मारणं

फुटपाथवर चढायच्या रॅम्पला देशातल्या मार्गदर्शक तत्त्वांत एकास बारा उतार सांगितलाय. १५ सेंमी उंचीला १८० सेंमी लांबी, साधा हिशोब. आम्ही बघितलेल्या एका स्टॉपवर रॅम्प होता, रंगवलेला पण होता, लांबी ६० सेंमी. म्हणजे एकास चार. वर चढायच्या आधी खाली गटारीची जाळी, तिच्या फटी चाकाच्याच दिशेने, आणि जाळीपाशी तीन सेंमीची उठलेली कड. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक त्या कडेला अडतं आणि चेअर जागीच थांबते. आमच्यासोबतचे एक दादा स्वतः व्हीलचेअर वापरतात, त्यांनी रॅम्पकडे बघायच्या आधी त्या कडेकडे बोट दाखवलं. फोनमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपनं अंश पण घेता येतात, एकास बारा म्हणजे पावणेपाच अंशांच्या आसपास, चौदा अंश दिसले तर तो एकास चारचा आहे असं समजा.

वर गेल्यावर बोलार्ड बघा. गाड्या चढू नयेत म्हणून खांब लावतात आणि दोघांत अंतर ७० सेंमी ठेवतात. किमान ९० तरी पाहिजे, नाहीतर टू-व्हीलर तिरकी घालून निघून जाते आणि व्हीलचेअर अडकते.

तिसरी चूक: पिवळ्या फरश्या म्हणजे डिझाईन समजणं

या उठावाच्या फरश्या अंध माणसाला पायाला आणि काठीला वाट कळावी म्हणून असतात. पट्ट्यांची फरशी सांगते "असंच पुढं चला" आणि ठिपक्यांची सांगते "थांबा, पुढं काहीतरी आहे". आता होतं काय, माल जो आला तो बसवतात. सगळीकडे ठिपकेच, नाहीतर पट्ट्यांची रांग सरळ जाऊन डीपीच्या खांबाला, झाडाच्या आळ्याला किंवा चेंबरच्या झाकणाला धडकते. झाकण परत बसवताना मधली फरशी आडवी लागली की काठीनं चालणाऱ्या माणसाला ती वळायची खूण वाटते. म्हणून तपासताना रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, कुठं तुटली, कुठं वळली ते खडूनं मार्क करा आणि शेवट कुठं होतो ते नीट बघा. ती बसच्या दाराची जागा असायला पाहिजे आणि तिथं ठिपके पाहिजेत. शेडच्या मागच्या भिंतीपाशी संपली तर तिचा उपयोग शून्य.

डोळ्याला पट्टी बांधून चालायचा प्रयोग करू नका, दोन मिनिटांत आंधळेपण कळत नाही, उलट भीतीच मोजली जाते. रोज काठीनं फिरणाऱ्याला सोबत घ्या आणि तो कुठं अडखळतो तेवढं लिहा. बस आल्यावर नंबर आणि गाव कसं कळतं तेही त्यालाच विचारा, कारण बाहेर ऐकू येणारी घोषणा नसेल तर शेजारच्याला विचारण्याशिवाय त्याला मार्ग नाही. आणि ऐकू न येणाऱ्याला आत पुढच्या स्टॉपचा बोर्ड दिसला पाहिजे.

चौथी चूक: रविवारी सकाळी जाणं

रिकामा फुटपाथ सगळ्यांना छान वाटतो. संध्याकाळी सहा-सातला जा, मग फळांच्या हातगाड्या आणि पार्किंगमधून खरी वाट किती उरते ते मोजा. पावसात एकदा जा, रॅम्पच्या पायथ्याशी पाणी साठतं का ते तेव्हाच दिसतं.

पाचवी चूक: अर्जात "दिव्यांगांसाठी सुविधा नाही" एवढंच लिहिणं

याला उत्तर येतं "नोंद घेतली". त्यापेक्षा टेप दिसेल असा फोटो, तारीख, आणि वाक्य असं: रॅम्पची उंची १५, लांबी ६०, हवी १८०. मग आधी विचारा रस्ता महापालिकेचा की सार्वजनिक बांधकामचा, बस आणि घोषणेचं एसटीकडे, डीपीचा खांब महावितरणकडे. एकच अर्ज सगळ्यांना दिला तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे ढकलतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४१ वाहतुकीबद्दलच आहे, ते अर्जात टाका. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. "मार्गदर्शक तत्त्वं आहेत, बंधनकारक नाहीत" असं कुणी म्हणालं तर हे दाखवा.

आणि काम नवीन असेल तर माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, तीन कागद मागा: अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर आणि मोजमाप पुस्तक. अंदाजपत्रकात फरश्या किती मीटर आणि जागेवर किती, ते टेपनं जुळवून बघा. वर्क ऑर्डरमध्ये दोष दायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो, तो संपला नसेल तर चुकलेला रॅम्प ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो, त्यामुळे "निधी नाही" हे उत्तर तिथं चालत नाही. तारीख बघून अर्ज आधी टाका, मोजणी थोडी अपुरी असली तरी चालेल.