लिंबाची पानं पिवळी आणि रिपोर्टमध्ये लोह भरपूर: या चुका टाळा

पान परीक्षणाचा कागद एका हातात, माती परीक्षणाचा दुसऱ्या हातात, आणि दोन्हींत ‘कमी’ लिहिलंय ते दुकानातून आणून टाकायचं. पुणे जिल्ह्यातल्या निम्म्या लिंबू बागांचं खत असंच ठरतं. मातीचा अहवाल जमिनीत काय शिल्लक आहे ते सांगतो, पानाचा अहवाल त्यातलं झाडात काय पोचलं ते. दोन्ही जुळले तर काम सोपं. जुळत नाहीत तिथंच खरी माहिती असते, आणि नेमका तिथं लोक एक कागद बाजूला ठेवतात.

न धुतलेली पानं

दौंड तालुक्यात आमच्या दाजींची कागदी लिंबाची बाग आहे. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, बारीक जाळीसारख्या. म्हणजे लोहाची कमतरता, शेंबडं पोरही सांगेल. पण पानाच्या अहवालात लोह २४० पीपीएम आलं. लिंबूवर्गीय पिकांत साधारण ६० ते १२० पुरेसं धरतात. मातीत उपलब्ध लोह ५.८ पीपीएम, म्हणजे ४.५ च्या मर्यादेच्या वरच. नत्र तेवढं २.२ टक्के, किंचित कमी. दाजी म्हणाले, “लोह धो-धो आहे, आता लोहाचं नाव काढू नका.” आणि युरिया दिला. नवी पालवी जोरात फुटली, आधीपेक्षा पिवळी.

पानं तोडली होती रस्त्याकडच्या ओळीतून. उसाच्या गाड्या चालू असताना मुरमाचा तांबडा धुरळा पानावर बोटानं नाव काढता येईल इतका बसतो. मुरमात लोह असतंच. प्रयोगशाळेनं धूळ मोजली, झाड नाही. बाकी सगळे आकडे सरळ आणि एकटं लोह आभाळाला टेकलेलं दिसलं की मी आधी पानं कशी धुतली ते विचारतो. बोर्डो फवारल्यावर तांब्याचं तेच होतं.

माझी पद्धत: नळाचं पाणी, मग साबणाच्या अगदी पातळ पाण्यातून झटपट, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. पानं भिजत घालायची नाहीत, पालाश निघून जातं. सावलीत सुकवून कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये कुजलेली पानं पाठवून अहवालाला शिव्या देणारे महाभाग वेगळेच.

पिवळ्या आणि हिरव्या झाडांची सरमिसळ

दुसऱ्यांदा आम्ही दोन नमुने घेतले: पिवळ्या झाडांचा वेगळा, त्याच बागेतल्या हिरव्या झाडांचा वेगळा. चार ते सहा महिन्यांची पानं, फळ नसलेल्या फांदीवरची, खांद्याच्या उंचीवरून, झाडाच्या चारी बाजूंनी. मातीही त्याच झाडांखालची, ३० सेंटिमीटरपर्यंत, ड्रिपरच्या थेट खालची सोडून.

धुतल्यावर लोह निघालं पिवळ्यांत ७८, हिरव्यांत ७४! घाईचा माणूस इथं कागद फाडतो. मातीतलं उपलब्ध लोहही दोन्हीकडे जवळपास सारखं. फरक होता मुक्त चुन्यात: हिरव्या झाडांखाली ६ टक्के, पिवळ्यांखाली १६. चुनखडीच्या जमिनीत मुळांभोवती बायकार्बोनेट वाढतं. त्यामुळे लोह पानापर्यंत पोचलं तरी बरंचसं निष्क्रिय पडून राहतं, आणि नेहमीची तपासणी एकूण लोह मोजते, कामाचं नाही. म्हणून पानात लोह ‘पुरेसं’ असूनही लक्षणं लोहाचीच असतील, तर मातीच्या कागदावर लोहाच्या आधी सामू आणि मुक्त चुना वाचा.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून एकाच फांदीच्या कोवळ्या पानांवर संध्याकाळी फवारा. आठ-दहा दिवसांत थेंब पडले तिथं हिरवे ठिपके उमटले, तर रोग लोहाचाच. दाजींच्या फांदीवर उमटले. शेजारची फांदी तशीच पिवळी.

मग फवारणी पूर्ण बागेला, युरिया बंद. आणि मुख्य म्हणजे पाणी: कालव्याचं आवर्तन आलं की आळी तुडुंब भरायची सवय सोडली, कारण अशा जमिनीत सतत ओल राहिली की बायकार्बोनेट आणखी चढतं. नुसतं फेरस सल्फेट जमिनीत फेकणं म्हणजे पैसे पुरणं. द्यायचंच तर ईडीडीएचए चिलेट, मुळांच्या ओल्या पट्ट्यात. ईडीटीएचं लोह ८.३ सारख्या चढ्या सामूला टिकत नाही, स्वस्त असलं तरी.

बाकीच्या, थोडक्यात

कोवळं पान तपासून त्याची तुलना जुन्या पानाच्या प्रमाणाशी करू नका.

आंब्यात मोहोर किंवा फळ असलेल्या फांदीचं पान घेऊ नका.

फवारणीनंतर लगेच पानं तोडू नका. फवारलेल्या जस्त-लोहाचा अंश धुऊनही पूर्ण जात नाही, त्यामुळे मी फवारणीनंतर फुटून पक्व झालेल्या पानांचीच वाट पाहतो. ‘एवढं कोण थांबणार’ म्हणणाऱ्यांनी तपासणीचे पैसे वाचवावेत.