निलंबित लायसन्ससाठी परिवहन कार्यालयाला अर्ज कसा लिहावा

कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातील प्रादेशिक परिवहन कार्यालयात लायसन्सच्या कामाने येणाऱ्यांचे अर्ज मी बरीच वर्षे लिहून देत आलो आहे. निलंबनाच्या प्रकरणात लोक बहुधा कुणाकडून तरी मिळालेला छापील नमुना आणतात, त्यात आपले नाव घालतात आणि साहेब दया करतील अशी आशा धरून बसतात. त्या नमुन्यात काय घडले हे कुठेच नसते आणि नेमके काय मागायचे आहे हेही नसते.

अर्ज लिहायला घेण्यापूर्वी हातातला कागद नीट वाचावा. ती कारणे दाखवा नोटीस आहे की निलंबनाचा आदेश आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ नुसार आदेश देण्यापूर्वी चालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, म्हणून नोटीस असेल तर खुलासा हाच तुमचा अर्ज, आणि त्याचे वजन सर्वांत जास्त. वाहतूक पोलिसांनी कलम २०६ खाली लायसन्स जप्त करून पाठवले असेल, तर अधिकारी सुनावणीनंतर चालकाला मोकळे करू शकतात किंवा पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकतात. आदेश एकदा निघाल्यावर त्याच टेबलावर विनंत्यांचे कागद वाढवत बसू नये. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते आणि विनंत्यांच्या नादात ते दिवस निघून जातात. निलंबन न्यायालयाने केले असेल, तर परिवहन कार्यालयाकडे अर्ज करून काहीही साधणार नाही.

दंड भरला म्हणजे प्रकरण मिटले, हा समज इतका पक्का आहे की नोटीस आल्यावर लोक पावती पुढे करून भांडतात. तडजोड शुल्क भरल्याने लायसन्सवरची कारवाई थांबत नाही, हे कायद्यातच स्पष्ट केलेले आहे. पावती जोडावी, पण तिच्या जोरावर युक्तिवाद करू नये.

नाव, पत्ता, लायसन्स क्रमांक, नोटिशीचा जावक क्रमांक व दिनांक हे सर्व वर येते. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

खरी अडचण घडलेली हकिगत लिहिण्याची आहे. हा परिच्छेद लिहिणे मलाही लवकर जमले नव्हते, कारण लिहिणाऱ्याला स्वतःला वाचवायचे असते आणि वाचणाऱ्यापुढे पोलिसांचा अहवाल आधीच असतो. माझ्याकडे आलेल्या एका पिकअप चालकाचे उदाहरण सांगतो. तो शाहू मार्केट यार्डातून भाजीपाला पोहोचवण्याच्या गाडीवर कामाला होता. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मोटारसायकलवरून दाभोळकर कॉर्नरकडे जाताना हातात मोबाईल धरून बोलत असल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली आणि लायसन्स परिवहन कार्यालयाकडे गेले. त्याने लिहून आणलेल्या खुलाशात फोन खिशात होता असे पहिल्या ओळीत होते आणि आईची प्रकृती गंभीर असल्याने फोन घ्यावा लागला असे चौथ्या ओळीत होते. ई-चलानावरच्या छायाचित्रात मोबाईल कानाला लावलेला स्पष्ट दिसत होता. आईला दवाखान्यात दाखल केले होते, हे खरे होते, परंतु ते त्या घटनेनंतरच्या आठवड्यात, आणि जोडलेल्या कार्डावरची तारीखच ते सांगत होती. असा कागद अर्जाला लावणे म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच नेऊन देणे होय.

आम्ही तो परिच्छेद नव्याने लिहिला: ‘रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी माझ्या मोटारसायकलवरून दाभोळकर कॉर्नरकडे जात असताना माझ्या मालकांचा दुसऱ्या दिवशीच्या मालाबाबत फोन आला. रस्त्याच्या कडेला थांबण्यास जागा होती, तरीही मी न थांबता एका हातात मोबाईल धरून बोलत वाहन चालविले. पोलिसांनी नोंदविलेला प्रकार खरा आहे. त्या वेळी कोणासही इजा झाली नाही व कोणत्याही वाहनास धक्का लागला नाही.’

यातले थांबण्यास जागा होती हे वाक्य काढून टाका, असा त्याचा आग्रह होता आणि मी ते ठेवायला लावले. जे वाक्य लिहिताना हात आखडतो, त्याच्यामुळेच बाकीच्या हकिगतीवर विश्वास बसतो. ‘अनवधानाने’, ‘नजरचुकीने’ हे शब्द तर मी सरळ खोडतो, कारण चालत्या गाडीवर फोन उचलणे नजरचुकीने होत नाही. मात्र एक इशारा गांभीर्याने घ्यावा. घटनेत कोणी जखमी झाले असेल, गुन्हा नोंदवला गेला असेल किंवा मद्यपानाचे प्रकरण न्यायालयात असेल, तर कबुलीचा असा परिच्छेद वकिलांना दाखवल्याशिवाय देऊ नये, कारण तो कागद पुढे त्या खटल्यातही पुढे येऊ शकतो. अशा वेळी खोटे लिहायचे नसते, पण किती लिहायचे हे वकिलांनी ठरवायचे असते.

हकिगतीनंतर मागणी लिहावी, आणि ती एकच व नेमकी असावी. माझ्यावर कुटुंब अवलंबून आहे, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, एवढ्याने अधिकाऱ्यांना करता येण्यासारखे काहीच हाती लागत नाही. या चालकाच्या लायसन्सवर मोटारसायकल आणि हलके मोटार वाहन असे दोन्ही वर्ग होते. अपात्रता सर्व वर्गांसाठी किंवा त्यांपैकी काहींसाठी देता येते, आणि ती एखाद्याच वर्गापुरती असेल तर लायसन्सवर तशी नोंद करून ते परत करण्याची तरतूद कलम १९ मध्येच आहे. म्हणून आम्ही प्रथम मोकळे करण्याची नव्हे, तर अपात्रता द्यावयाची झाल्यास ती मोटारसायकल या वर्गापुरती ठेवावी, अशी विनंती केली. सोबत मालकाचे पत्र जोडले, ज्यात तो कोणती गाडी चालवतो आणि लायसन्सशिवाय त्याला कामावर ठेवता येणार नाही एवढेच लिहिलेले होते. पूर्वीचे चलान नसल्याचेही लिहिले, पण ते आधी तपासून पाहूनच. उलट, पिकअप चालवतानाच फोनवर बोलला असता तर ही मागणी करण्यात अर्थ नव्हता. अशा वेळी पोटापाण्याचे कारण उलट अंगावर येते, कारण ज्या कामासाठी लायसन्स मागायचे त्याच कामात धोका निर्माण केलेला असतो.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर आवक शिक्का घ्यावा. सुनावणीला स्वतः जावे, आणि अर्जात जे लिहिले तेच तोंडाने सांगावे.

लायसन्स जप्त झाल्यावर पोलिसांनी दिलेली पोच ही वाहन चालवण्याची परवानगी नव्हे. अपात्रतेच्या काळात गाडी चालवताना सापडल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि मग तुमच्या खुलाशातील एकही ओळ कोणी खरी मानणार नाही. मुदत संपली की लायसन्स आपोआप हाती येते असेही समजू नये. कायद्यानुसार उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच ते परत मिळते, म्हणून आदेश मिळताच कोणत्या परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र चालेल हे त्याच कार्यालयात विचारून घ्यावे आणि ते प्रशिक्षण मुदतीच्या आतच उरकावे.