बाल्कनीतल्या भाजीचं वेळापत्रक: या चुका टाळा

टोमॅटोबद्दलची मार्चमधली तक्रार ठरलेली असते. रोप हिरवंगार आहे, फुलंही येतात, पण फळ धरत नाही. मग कुणी खत वाढवतं, कुणी ताक फवारतं. खरी चूक बहुतेक वेळा नोव्हेंबरात झालेली असते.

पुण्याचं उदाहरण घेऊ. दिवाळी उरकली, हवेत गारवा आला, की बी आणायचं अशी अनेकांची पद्धत असते. समजा १ नोव्हेंबरला बी टाकलं. रोप कुंडीत लावण्याजोगं व्हायला महिनाभर लागतो, म्हणजे डिसेंबर उजाडला. त्यात थंडीत वाढ मंदावते. लावणीपासून पहिलं फळ लाल व्हायला अडीच महिने धरले, तर फेब्रुवारीचा मध्य येतो. भर बहराचे दिवस येतात मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा दुपारचा पारा ३५ अंशांच्या वर गेलेला असतो. एवढ्या उन्हात टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत, आणि फळ न धरताच फूल गळतं.

म्हणून मोजणी उलटी करा. टोमॅटो डिसेंबर ते फेब्रुवारी खायचा असेल, तर लावणी सप्टेंबरअखेर हवी आणि बी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पडायला हवं. पाऊस चालू असतो, म्हणून बियांचा ट्रे छपराखाली पण उजेडात ठेवा आणि वरची माती किंचित सुकल्यावरच पाणी द्या. सतत ओल राहिली, तर कोवळं रोप मातीलगत बारीक होऊन आडवं पडतं. ते पुन्हा उभं राहत नाही. लावणीला पंधरा-वीस लिटरची कुंडी घ्या.

फूल उन्हामुळेच गळतंय का, हे पानांवरून ओळखता येतं. पानं सकाळी टवटवीत असूनही फुलं गळत असतील, तर कारण बहुधा उष्णता. पानं गर्द हिरवी, माजलेली आणि फुलंच कमी असतील, तर नत्र जास्त झालं. फळाचं बूड काळं पडत असेल, तर पाण्यात खंड पडतोय. उष्णतेवर खताचा उपाय नाही. दुपारची सावली करा, धरलेली फळं पिकू द्या आणि रिकाम्या कुंडीत भेंडी किंवा गवार टोचा.

दुसरी चूक आठवणीच्या खुणेची. ‘गणपतीत बी, दसऱ्याला लावणी’ हे लक्षात ठेवायला सोपं असतं, पण सण चांद्रमासाने येतात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक मासामुळे १४ सप्टेंबरला आहे. अडीच आठवडे इथेच गेले! त्यापेक्षा आपल्या शेतकऱ्यांची पर्जन्यनक्षत्रं धरा. ती सूर्यावर चालतात, त्यामुळे तारीख फार तर एखाद्या दिवसाने हलते. मृग ७-८ जूनला लागतं, हस्त २६-२७ सप्टेंबरला, स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास. मृगात भेंडी, दोडका, कारलं; हस्तात टोमॅटो-वांग्याची लावणी; स्वातीत लसूण, मेथी, पालक. भिंतीवरच्या कॅलेंडरात ही नक्षत्रं छापलेलीच असतात, तिथेच पेन्सिलीने भाजीचं नाव लिहा.

पण मृगाची भेंडी सगळ्यांनी लावायची नाही. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेकडच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असेल, तर त्या काळात तिथे थेट ऊन जवळपास येत नाही. भेंडी उंच, किडकिडीत होते आणि बाहेरच्या बाजूला झुकते. हीच बाल्कनी डिसेंबरात उन्हाने भरते. तेव्हा दक्षिणमुखी बाल्कनीवाल्यांनी पावसाळ्यात अळूवर समाधान मानावं आणि सगळी ताकद हस्तानंतरच्या हंगामाला द्यावी. छापील वेळापत्रक मोकळ्या शेतासाठी असतं.

कोथिंबिरीचा प्रश्न वेगळा. मे महिन्यात ती उगवते कमी आणि हातभर होण्याआधीच तुऱ्यावर येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मात्र दर पंधरा दिवसांनी एकेक कुंडी पेरा, म्हणजे सगळी एकदम तयार होणार नाही. धणे हलक्या हाताने रगडून दोन डाळ्या करा आणि रात्रभर भिजवून पेरा.

काढणीची आठवण तर बहुतेक जण लावतच नाहीत. भेंडी फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत तोडायला येते. आठवडाभर गावाला गेलात, तर परतल्यावर ती जून झालेली दिसेल. टोक वाकवून बघा, कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. जून शेंगही झाडावर ठेवू नका. तिच्यात बी भरायला लागलं की नवी फुलं कमी येतात. ती तोडून टाका आणि पुढे दिवसाआड तोडणी ठेवा.